शिष्यवृत्तीच्या फोटोखाली काय लिहावं?

एप्रिल ते ऑगस्ट या महिन्यांत माझ्या फोनवर एक ठरावीक फोटो येत राहतो. कुणाच्या तरी मुलाला किंवा मुलीला परदेशात शिकायला शिष्यवृत्ती मिळालेली असते. फोटोत निवडीचं पत्र असतं, नाहीतर विमानतळावरची सामानाने लादलेली ट्रॉली. खाली चार ओळी असतात. त्यांना आता सगळेच कॅप्शन म्हणतात, मीही म्हणतो. मुलांचं कौतुक मला मनापासून वाटतं, पण त्या चार ओळी मी जरा कडक नजरेने वाचतो. कारण त्या वाचणाऱ्यांत पुढच्या वर्षी अर्ज भरणारी पोरं असतात आणि याच वर्षी नकार आलेलीही असतात. त्यांच्या हाती या ओळींतून काय पडतं?

बहुधा एवढंच पडतं: मेहनतीला पर्याय नाही, मोठी स्वप्नं पाहा, माझ्या सर्व गुरुजनांचे आभार. आपल्या घरातलं मूल असेल तर सुरुवातीला अल्हम्दुलिल्लाह आणि शेवटी दुआ की दरख्वास्त. यात खोटं काही नाही. पण ‘सर्व गुरुजन’ म्हटलं की एकाही शिक्षकाला आपण त्यात आहोत की नाही हे कळत नाही, आणि ‘नसीब’ म्हटलं की ते कुठे, कधी, कसं कामाला आलं हे कुणालाच कळत नाही. माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचेही आभार मानत नाही, या आशयाची हदीस आपल्याकडे लहानपणापासून ऐकवली जाते. तिचा अर्थ मी असा घेतो की कुणी नेमकं काय केलं ते सांगायला हवं.

यंदा माझ्या भाचीला युरोपात शिकायला इरॅस्मस मुंडुस शिष्यवृत्ती मिळाली. तिने कॅप्शनचा मसुदा मला पाठवला, “मामू, मराठी तेवढं तपासून द्या,” म्हणून. मराठी ठीक होतं. मजकुरावर मात्र आमची चार दिवस चर्चा झाली आणि त्यातून तिची सगळी हकिगत तपशिलाने बाहेर आली. ती इथे सांगतो, कारण माझं म्हणणं तिच्याशिवाय समजणार नाही. तिचं आणि शिक्षकांचं नाव देत नाही.

आधी ही शिष्यवृत्ती काय आहे ते थोडक्यात. 2004 पासून युरोपीय संघाच्या पैशातून ती दिली जाते. तीन किंवा जास्त देशांतली विद्यापीठं एकत्र येऊन एक संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवतात आणि विद्यार्थी किमान दोन देशांत शिकतो. अर्ज थेट त्या विद्यापीठांच्या गटाकडे करायचा असतो. बहुतेक अभ्यासक्रमांचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी या काळात घेतले जातात. निवड झाली तर शुल्क भरावं लागत नाही आणि महिन्याला 1400 युरो मिळतात, जास्तीत जास्त 24 महिने. म्हणजे एकूण 33,600 युरो. गल्लीत लागलेल्या फलकावर ‘कोटींची स्कॉलरशिप’ असं छापलं होतं, ते मी भाचीच्या वडिलांना सांगून उतरवायला लावलं.

भाची चिपळूणची. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकली, मग हायस्कूल, मग जिल्ह्यातल्याच एका कॉलेजातून सिव्हिल इंजिनिअरिंग. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीला आलेल्या पुरात चिपळूणचे तळमजले पाण्याखाली गेले, त्यात त्यांचंही घर गेलं. ती तेव्हा दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन घरी होती, कारण कोविडमुळे कॉलेज बंद होतं आणि वर्ग फोनवर चालत होते.

पूर ओसरल्यावर चौथ्या दिवशी तिला तिच्या प्राध्यापकांचा फोन आला. खुशाली विचारून झाल्यावर ते म्हणाले, “भिंतींवर चिखलाची रेघ दिसतेय ना? लोक ती धुऊन टाकायच्या आत रंगाने खूण कर, शेजारी तारीख लिही आणि फुटपट्टी धरून फोटो काढ.” पूर कुठपर्यंत चढला हे नंतर सगळे हाताने दाखवतात, छातीपर्यंत, माळ्यापर्यंत. मोजता येते ती फक्त रेघ, आणि ती पंधरा दिवसांत पुसली जाते. भाचीने अब्बूंच्या दुकानातला लाल ऑइलपेंट घेतला आणि लोक चिखल उपसत असताना वस्तीत फिरून 43 खुणा केल्या. काहींनी तिला हाकललं, हे वेगळं सांगायला नको. घर बुडालेल्या माणसाच्या भिंतीवर रंग लावायला जाणं सोपं नाही.

चौथ्या वर्षी त्याच सरांनी तिला या खुणांवर प्रकल्प करायला लावला. लेव्हल मशीन आणि स्टाफ घेऊन एका पक्क्या बेंचमार्कपासून प्रत्येक खुणेची उंची काढायची. सहा खुणा तिने स्वतःच बाद केल्या. त्या आसपासच्या खुणांपेक्षा वर होत्या, कारण अरुंद गल्लीत पाण्याच्या लाटा भिंतीवर आपटून रेघ उंच उमटली होती. उरलेल्या 37 वरून पाण्याचा उतार कसा होता ते तिने नकाशावर दाखवलं. पुढे दोन वर्षं नोकरी केली आणि पूर-व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज भरला.

आता शिफारसपत्राकडे येतो, कारण शिक्षकांचे आभार मानायचे तर माझ्या मते सगळ्यात आधी इथे मानले पाहिजेत. परदेशी अर्जांना सहसा दोन शिफारसपत्रं लागतात. आपल्याकडे पत्र मागायला गेलं की बरेच शिक्षक म्हणतात, “तूच लिहून आण, मी सही करतो.” ते दुष्टपणाने म्हणत नाहीत. साठ मुलांचा वर्ग असतो, पेपर तपासायचे असतात आणि त्यांनाही कुणी असं पत्र लिहायला शिकवलेलं नसतं. पण मूल स्वतःबद्दल लिहितं तेव्हा ‘प्रामाणिक, कष्टाळू आणि आज्ञाधारक’ असं लिहितं. निवड समितीसमोर असे शेकडो आज्ञाधारक असतात. शिवाय अर्जाचं मनोगत आणि शिफारस यांची भाषा एकाच हाताची आहे, हे वाचणाऱ्याला दुसऱ्या परिच्छेदात कळतं.

या सरांनी पत्र स्वतः लिहिलं. त्यात त्यांनी 43 खुणांचं सांगितलं आणि सहा बाद केल्याचंही सांगितलं. स्वतः कष्टाने गोळा केलेली आकडेवारी स्वतःच टाकून द्यायची हे वीस वर्षांत फार थोड्या विद्यार्थ्यांनी केलं, असं एक वाक्य लिहिलं. तिचं इंग्रजी बोलणं सुरुवातीला अडखळतं, पण लिहिणं स्पष्ट आहे, हेही लिहिलं. एवढी एक उणीव सांगितल्याने बाकीच्या पत्रावर विश्वास बसतो.

एक आणखी गोष्ट, जी वरवर क्षुल्लक वाटेल. अनेक ठिकाणी पत्र विद्यार्थ्याने जोडायचं नसतं. अर्जात शिक्षकाचा ई-मेल पत्ता द्यायचा असतो, त्यावर दुवा येतो आणि शिक्षक पत्र थेट चढवतो. पत्ता संस्थेचा असावा अशी अपेक्षा असते. आपल्या कॉलेजांतले प्राध्यापक मात्र सगळा कारभार जीमेलवर करतात. सरांच्या नावाचा कॉलेजचा पत्ता होता, पण वर्षानुवर्षं वापरला नव्हता आणि त्याचा पासवर्ड बदलणारा माणूस रजेवर होता. सर दोन वेळा कार्यालयात जाऊन बसले आणि पत्ता चालू करून घेतला. दुवा स्पॅममध्ये पडला होता, तो शोधून काढला. मुदत संपायला तीन दिवस होते. दुसरं शिफारसपत्र नोकरीतल्या वरिष्ठांनी अर्ध्या तासात पाठवलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

भाचीच्या पहिल्या मसुद्यात या सरांचं नाव होतं, पण ‘मार्गदर्शन केलं’ एवढंच लिहिलेलं. मी म्हटलं, मार्गदर्शन तर रस्त्यावरचा फलकही करतो. सरांनी काय केलं ते लिही. ती म्हणाली, “मामू, स्पॅमचं कोण लिहितं?” मी म्हटलं, तू लिही.

आणखी एका शिक्षिका आहेत. त्या तिच्या यादीतच नव्हत्या. मी विचारलं, “पासपोर्टला आणि गुणपत्रिकांना नावाची काही अडचण आली का?” ती म्हणाली, “नाही, सगळीकडे एकच आहे.” आपल्या वाचकांपैकी ज्यांनी मुलांची कागदपत्रं केली आहेत त्यांना या ‘नाही’ची किंमत कळेल. शेख हे आडनाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिलं जातं. मोहम्मदचं तर विचारूच नका. जन्मदाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरं. त्यात आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. दहावीच्या गुणपत्रिकेवर जी अक्षरं छापली जातात तीच पुढे बारावी, पदवी आणि पासपोर्टपर्यंत चालत जातात. तिथे एक अक्षर चुकलं की नंतर प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावाची जाहिरात, आणि तरीही परदेशी कार्यालयाला समजावत बसणं.

दहावीचे बोर्डाचे अर्ज भरताना तिच्या वर्गशिक्षिकेने प्रत्येक मुलाला जन्मदाखला घेऊन बोलावलं होतं. बोर्डाकडून प्री-लिस्ट आल्यावर नुसत्या सह्या घेतल्या नाहीत. एकेकाला शेजारी बसवून नावातलं अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचायला लावलं. भाचीच्या वडिलांच्या नावात एक ‘ए’ कमी होता, तो तेव्हाच दुरुस्त झाला. मुलं वैतागली होती. भाचीला ही गोष्ट आठवत होती ती ‘बाई फार किरकिऱ्या होत्या’ अशी. दहा वर्षांनी तिच्या व्हिसाच्या फायलीत एकही प्रतिज्ञापत्र लागलं नाही, ते त्या किरकिरीमुळे. शिक्षकाने केलेलं असं काम कळतच नाही, कारण त्याचा परिणाम म्हणजे एक अडचण न येणं. आभार मानताना आपण आठवणीतून मानतो, आणि न आलेली अडचण कुणाच्या आठवणीत राहते?

आता नशिबाकडे वळतो. मेहनत कमी लेखायचा माझा हेतू नाही. उन्हात लेव्हल मशीन घेऊन फिरलेल्या मुलीला ‘तुझं नशीब’ म्हणणं अपमानच आहे. पण मेहनत संपते तिथून पुढे काय घडलं, हेही खरंखरं सांगायला हवं.

इरॅस्मस मुंडुसमध्ये एक नियम आहे. एखाद्या अभ्यासक्रमाच्या प्रकल्पात एकूण जितक्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात, त्यांपैकी एका देशाच्या नागरिकांना 10 टक्क्यांहून जास्त देता येत नाहीत. काही प्रदेशांसाठी वेगळ्या ठेवलेल्या जादा जागा या हिशेबात धरत नाहीत. समजा एका प्रकल्पात चार तुकड्यांसाठी मिळून 60 शिष्यवृत्त्या आहेत. म्हणजे चार वर्षांत मिळून सहा भारतीय, वर्षाला एक किंवा दोन. भारतातून अर्ज किती येत असतील याची कल्पना करा. म्हणजे आपली खरी स्पर्धा आपल्याच देशातल्या मुलांशी असते. नियम अन्याय्य आहे असं मला वाटत नाही, नाहीतर दोन-तीन मोठे देशच सगळ्या जागा नेतील. पण त्याचा अर्थ असा की वरून तिसरा किंवा चौथा भारतीय कितीही चांगला असला तरी त्याला पहिल्या फेरीत जागा नसते.

भाची मुख्य यादीत नव्हती. तिचं नाव राखीव यादीत होतं, चौथ्या क्रमांकावर. राखीव यादी सरळ रांगेसारखी पुढे सरकतेच असं नाही. देशाची मर्यादा भरलेली असेल आणि दुसऱ्या देशाच्या कुणी जागा सोडली, तर तुमच्या मागचा पुढे जाऊ शकतो. तुमच्या देशाचा कुणी मागे हटला, तर मात्र चौथा क्रमांकही लागू शकतो. एप्रिलच्या शेवटी यादी लागली आणि मेच्या मध्यावर तिला ई-मेल आला की राखीव यादीतून तुमची निवड झाली आहे, पाच दिवसांत होकार कळवा. कुणी जागा सोडली, का सोडली, कोणत्या देशाचा होता, यातलं काही त्यात नव्हतं, आणि ते कळवतही नाहीत. बहुधा कुणा भारतीय मुलाला किंवा मुलीला दुसरीकडे आणखी चांगलं काही मिळालं असेल. किंवा घरात कुणी आजारी पडलं असेल. मधल्या पंधरा दिवसांत भाचीच्या गुणवत्तेत काडीचाही फरक पडला नव्हता.

दुसरं नशीब पुराच्या वेळचं. तिच्या घरात रेंज येत नव्हती म्हणून ऑनलाइन वर्गांसाठी ती खालाच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर बसायची. दप्तर तिथे, म्हणून प्रमाणपत्रांची फाईलही तिथे. खालच्या कपाटात असती तर लगदा झाला असता. दुबार गुणपत्रिका मिळतात, पण त्यांना महिने लागतात आणि त्या वेळी अख्ख्या गावाला त्या हव्या होत्या.

तिसरं नशीब पैशाचं, आणि याबद्दल आपण सगळेच गप्प बसतो. शिष्यवृत्तीचे 1400 युरो तिथे पोचल्यावर, नाव नोंदवल्यावर आणि बँकेत खातं उघडल्यावर सुरू होतात. त्याआधी इंग्रजीच्या परीक्षेचे सतरा-अठरा हजार, व्हिसा, त्यासाठी मुंबईच्या फेऱ्या, विमानाचं तिकीट, खोलीची अनामत आणि पहिल्या महिन्याचं जेवण. तिच्या बाबतीत हा आकडा सव्वादोन लाखांवर गेला. कुवेतमधल्या चाचांनी ते पाठवले आणि परत कधी देणार हे विचारलं नाही. चाचा नसते तर ‘पूर्ण शिष्यवृत्ती’ मिळालेली मुलगी घरीच राहिली असती.

इथे मी एक फरक करतो. चाचांचे पैसे आणि कोरडी राहिलेली फाईल यांना मी नशीब म्हणेन. चालत जाता येईल इतक्या अंतरावर सरकारी उर्दू शाळा असणं याला म्हणणार नाही. ते धोरण आहे, कुणीतरी मागितलेलं आणि कुणीतरी मंजूर केलेलं. तसंच अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जावरच्या व्याजाला अनुदान देणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना 2022-23 पासून बंद झाली, हेही कुणाचं वाईट नशीब नाही. ज्याला चाचा नाहीत त्याला तिचा आधार झाला असता. धोरणाला नशीब म्हणण्याची सवय लागली की आपण अर्ज करणं सोडतो आणि नुसती दुआ मागत बसतो. दुआ मागावीच, पण अर्जही द्यावा.

हे सगळं कॅप्शनमध्ये कशाला, असं भाचीच्या अम्मीने, म्हणजे माझ्या बहिणीने, विचारलं. “लोक म्हणतील पोरीला नशिबाने मिळालं.” तिची काळजी खोटी नाही. मुलाने नशिबाचं नाव घेतलं तर नम्र ठरतो. मुलीने घेतलं, आणि त्यातून आपल्या मुलीने, तर ‘कोट्यातून मिळालं असेल’ म्हणणारे तयारच असतात. म्हणूनच मी ‘मी फक्त नशीबवान’ असं मोघम लिहिण्याच्या विरोधात आहे. मोघम नशिबात कुणीही काहीही भरतो. राखीव यादीत चौथी होते आणि जागा रिकामी झाली असं लिहिलं तर भरायला जागाच उरत नाही.

दुसरं कारण तिची मैत्रीण. एकाच बाकावरच्या, त्याच सरांच्या हाताखालच्या. मैत्रिणीचे गुण किंचित जास्तच होते. तिनेही त्याच वर्षी तसाच अर्ज केला, तीही राखीव यादीत होती आणि तिच्यापर्यंत यादी आली नाही. आता भाची लिहिणार, ‘मेहनत केली तर फळ मिळतंच.’ मैत्रिणीने यातून काय समजायचं? आपली मेहनत कमी पडली, असंच ना? आणि तिच्या घरचेही तेच समजतील. ते कदाचित म्हणतील, आता पुरे, स्थळं बघू. मैत्रिणीचं नाव कॅप्शनमध्ये घालायचा विचार भाचीच्या मनात होता, तो मी नाकारला. आपल्या आनंदाच्या फोटोखाली दुसरीचा नकार जाहीर करायचा आपल्याला हक्क नाही. मात्र यादी कशी सरकते ते लिहिलं, तर मैत्रिणीच्या अब्बूंना ते आपसूक वाचायला मिळतं.

मग दोन व्यवहाराच्या गोष्टी ठरल्या. कॅप्शन व्हिसा हातात आल्यावरच टाकायचं. अम्मी हे नजर लागू नये म्हणून म्हणत होती, मी व्हिसा नाकारला जाऊ शकतो म्हणून म्हणत होतो, तारीख एकच निघाली. आणि निवडपत्राचा फोटो टाकायचा नाही. त्यावर अर्ज क्रमांक, जन्मतारीख, कधी पासपोर्ट क्रमांकही असतो. विमानाच्या बोर्डिंग पासचंही तेच, त्यावरच्या पट्ट्यांत बुकिंगची माहिती असते. तिने लाल रंगाच्या खुणेशेजारी उभं राहून काढलेला 2021 चा फोटो टाकला.

शेवटी जे ठरलं ते तिच्या परवानगीने देतो. प्रत्यक्षात शिक्षकांची नावं आहेत, मी इथे काढली आहेत.

“अल्हम्दुलिल्लाह. पूर-व्यवस्थापन शिकायला दोन वर्षांसाठी युरोपात चालले आहे. खर्च इरॅस्मस मुंडुस शिष्यवृत्तीतून, म्हणजे तिथल्या लोकांच्या करातून. उर्दू शाळेतल्या सरांनी शाळा भरण्याआधी तासभर गणित शिकवलं, चौथीच्या स्कॉलरशिप परीक्षेसाठी. दहावीच्या बाईंनी प्री-लिस्टमधलं माझं नाव अक्षर न् अक्षर वाचायला लावलं, तेव्हा मी चिडले होते. बाई, माझ्या एकाही कागदावर नाव चुकलेलं नाही. कॉलेजच्या सरांनी पुराची रेघ पुसण्याआधी फोन केला, शिफारसपत्र स्वतः लिहिलं आणि स्पॅममधून दुवा शोधला. मी मुख्य यादीत नव्हते. राखीव यादीत चौथी होते. एका देशाला फार थोड्या जागा असतात, कुणीतरी जागा सोडली म्हणून मला मिळाली. ती व्यक्ती मला माहीत नाही, ती जिथे असेल तिथे सुखात असो. जाण्याआधीचा खर्च चाचांनी केला. ज्यांचं यंदा झालं नाही त्यांचं काम माझ्यापेक्षा कमी होतं असं नाही. कुणाला अर्जाचं विचारायचं असेल तर ऑक्टोबरच्या आधी विचारा, जानेवारीत नको.”

जरा लांबलं आहे. ‘तिथल्या लोकांच्या करातून’ हे तिचं स्वतःचं. स्कॉलरशिप परीक्षेच्या सरांचं मला माहीतच नव्हतं. शेवटच्या वाक्यावर मी हट्ट धरला होता.

आठवड्याभरात तिला महाडच्या एका मुलीचा फोन आला. तिच्या कॉलेजात प्राध्यापकांना संस्थेचा ई-मेल पत्ताच नाही, मग काय करायचं? भाचीने सांगितलं, अर्ज सुरू झाल्या झाल्या अभ्यासक्रमाच्या सचिवालयाला लिहून विचार की लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र आणि सोबत प्राचार्यांचं एक पत्र चालेल का. ते काय म्हणतात ते लेखी घे आणि तो ई-मेल जपून ठेव. आणि सरांना आत्ताच भेट, डिसेंबरात त्यांचे पेपर असतात.